गेम लवकर लोड व्हायला साधी साटा एसएसडी पुरते की एनव्हीएमई घ्यावी?

पिंपळपान

नमस्कार मंडळी. माझा पीसी पाच वर्षं जुना आहे. रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि ४८० जीबीची साटा एसएसडी. डिस्क काठोकाठ भरली आहे. नवा गेम टाकायचा तर आधीचा एखादा उडवावा लागतो. त्यामुळे १ टीबीची नवी ड्राइव्ह घ्यायची हे नक्की.

गेल्या रविवारी लॅमिंग्टन रोडला चौकशी केली. दुकानदाराने जेन ४ ची एनव्हीएमई पुढे केली. खोक्यावर वेग छापलाय सेकंदाला ७००० एमबी. साटाच्या खोक्यावर ५५०. "ही लावलीत की लोडिंग स्क्रीन दिसणारच नाही," असं त्याचं म्हणणं. साटा स्वस्त होती, जेन ३ ची एनव्हीएमई दोन्हींच्या मधे.

मी सायबरपंक २०७७, बाल्डर्स गेट ३ आणि मित्रांबरोबर जीटीए ऑनलाइन खेळतो. कामावरून येऊन जेवण वगैरे उरकलं की रात्री नऊ ते अकरा एवढाच वेळ हातात असतो. त्यातला काही लोडिंग बघण्यात जातो ते फार लागतं. पैसे टाकायला तयार आहे, पण फरक खरंच पडतो का? वापरलेल्यांनी सांगा.

रानवारा

डोळे झाकून एनव्हीएमई घ्या. हिशोब सरळ आहे, ५५० कुठे आणि ७००० कुठे! माझ्याकडे आधी हार्ड डिस्क होती, गेम चालू करून चहा ठेवायला जायचो. एनव्हीएमई टाकली आणि मिनिटाच्या वरचं लोडिंग दहा-बारा सेकंदांवर आलं. पुन्हा मागे जाणं शक्य नाही.

अनघा_पुणे

रानवारा, तुम्हाला फरक दिसला तो खरा, पण तो हार्ड डिस्क गेल्यामुळे. एनव्हीएमईच्या जागी साटा एसएसडी लावली असती तरी त्यातला बहुतेक सगळा मिळाला असता. मी एका गेम स्टुडिओत आहे आणि लोडिंगचा वेळ कमी करणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हार्ड डिस्कमध्ये वाचायचं टोक तबकडीवर खरोखर इकडून तिकडे सरकतं. एका उडीला साधारण १० मिलिसेकंद धरा, म्हणजे सेकंदाला शंभरेक उड्या. गेम लोड होताना हजारो लहान तुकडे वेगवेगळ्या जागांवरून उचलायचे असतात, त्यात हार्ड डिस्कचा जीव जातो. एसएसडीला तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात मिळतो, मग ती साटा असो की एनव्हीएमई. हार्ड डिस्क ते साटा ही उडी शंभर पटींची आहे. साटा ते एनव्हीएमई ही लहान तुकड्यांच्या बाबतीत जेमतेम दुपटीची.

खोक्यावरचा ७००० हा आकडा खोटा नाही, पण एकच मोठी फाइल सलग वाचायची आणि ड्राइव्हकडे एकाच वेळी भरपूर मागण्या टाकून ठेवायच्या, तेव्हाचा तो आकडा आहे. गेम सहसा असा वागत नाही. तो थोडं मागतो, आलेलं उलगडतो, मग पुढचं मागतो. तुमच्या ड्राइव्हवर `CrystalDiskMark` चालवून बघा. वरच्या ओळीत मोठा आकडा येईल. सगळ्यात खालची ओळ `RND4K Q1T1` ची असते. तिथे साटा साधारण ३०-४० एमबी दाखवते आणि चांगली एनव्हीएमई ५०-८०. जुन्या पद्धतीने लिहिलेले गेम त्या खालच्या ओळीच्या जास्त जवळ असतात.

आता तुमच्याच मशीनवर हिशोब करू. समजा एक सेव्ह उघडायला २० सेकंद लागतात आणि तेवढ्यात डिस्कवरून ३ जीबी वाचलं जातं. साटाने हे सलग ५०० च्या वेगाने वाचलं तर ६ सेकंद, जेन ३ च्या एनव्हीएमईने ३००० ने वाचलं तर १ सेकंद. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी वाचतील ते ५ सेकंद. उरलेले १४ सेकंद प्रोसेसरचे आहेत: दाबून ठेवलेला डेटा उलगडणे, जगातल्या वस्तू मांडणे, शेडर तयार करणे. बरेच गेम एकीकडे वाचतात आणि त्याच वेळी दुसरीकडे आधीचं उलगडत बसतात. तिथे वाचनाचे ते ६ सेकंद आधीच प्रोसेसरच्या कामाआड लपलेले असतात, आणि ड्राइव्ह बदलून हाती काहीच लागत नाही.

रानवारा

ताई, एवढा विचार केला नव्हता. म्हणजे माझे पन्नास सेकंद वाचले ते साटानेही वाचलेच असते?

अनघा_पुणे

पन्नासातले पंचेचाळीस तरी.

कोकणकडा

मला पण हाच त्रास आहे. शहरातून गाडी जोरात पळवली की गेम मधेच अडकतो, क्षणभर चित्र थांबतं, मग पुढे जातो. एनव्हीएमई घेतली तर एफपीएस वाढतील का? माझी पण साटाच आहे.

अनघा_पुणे

कोकणकडा, तुमचा प्रश्न वेगळा आहे. एफपीएस ड्राइव्हने वाढत नाहीत. फिरताना बसणारे झटके हार्ड डिस्कवर असतील तर ड्राइव्हचा संशय आधी घ्यावा. साटा एसएसडीवर असतील तर कारण बहुतेक वेळा शेडर ऐनवेळी तयार होणं, रॅम किंवा ग्राफिक्स कार्डची मेमरी अपुरी पडणं, नाहीतर प्रोसेसरचा एक कोअर तुंबणं हे निघतं. गेम आणि कार्डाची माहिती देऊन वेगळा धागा काढा, तिथे नीट बघू.

मालवणी_गडी

अनघाताईंचं म्हणणं कालपर्यंतच्या गेमना लागू आहे. आता गेमचा डेटा ड्राइव्हवरून झटपट उचलणारी विंडोजची डायरेक्टस्टोरेज ही सोय आलीय. विंडोज ११ च्या अटींच्या पानावर मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहिलंय की डायरेक्टस्टोरेजला एनव्हीएमई लागते. पीएस५ २०२० साली आला तोच सेकंदाला साडेपाच जीबी वाचणारी एसएसडी घेऊन. पुढचे गेम त्या हिशोबाने बनणार. आज साटा घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

अनघा_पुणे

निम्मं पटतं. त्या पानावर तसं लिहिलंय हे बरोबर, पण डायरेक्टस्टोरेज वापरणारा गेम साटावर बंद पडत नाही. तोच कोड साटावरही चालतो, हार्ड डिस्कवरसुद्धा चालतो, फक्त फायदा कमी मिळतो.

पीएस५ ची बाब मात्र लक्षात घेण्यासारखी आहे, कारण तिथे एसएसडीइतकंच महत्त्व तिच्या शेजारी बसवलेल्या डेटा उलगडणाऱ्या स्वतंत्र हार्डवेअरला आहे. प्रोसेसरवरचं ओझं तिथेच उतरतं. पीसीवर ते काम ग्राफिक्स कार्डाकडे देण्याची सोय डायरेक्टस्टोरेज १.१ मध्ये आली. २०२३ च्या रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्टने ती वापरली.

आणि फोरस्पोकनचं उदाहरण घ्या. पीसीवर डायरेक्टस्टोरेज वापरणारा तो पहिला गेम, जानेवारी २०२३ चा. त्याच्या आदल्या वर्षीच बनवणाऱ्यांनी आपली मोजमापं जाहीर मांडली होती. एकाच एनव्हीएमईवर जुन्या पद्धतीने सेकंदाला २८०० एमबीच्या आसपास वाचन होत होतं, डायरेक्टस्टोरेजने ते ४८०० च्या आसपास गेलं. आणि दृश्य लोड व्हायचा वेळ? २.१ सेकंदांवरून १.९. वाचन दीडपटीहून जास्त वेगात होऊनही हाताशी आले दोन दशांश सेकंद, कारण अडलेलं काम डिस्कच्या पुढे प्रोसेसरकडे होतं. साटावर तेच दृश्य चार सेकंदांच्या आतबाहेर आणि हार्ड डिस्कवर वीसच्या वर. म्हणजे खास यासाठी लिहिलेल्या गेममध्ये एनव्हीएमई साटाच्या जवळपास दुप्पट वेगाने लोड करते हे मी मान्य करते. पण ते दुप्पट म्हणजे दोन सेकंद.

मालवणी_गडी

दुप्पट ते दुप्पटच. आज दोन सेकंद, उद्या मोठ्या गेमला दहा. ड्राइव्ह आपण पाच-सहा वर्षांसाठी घेतो, आजच्या गेमपुरती नाही.

शिरीषकाका

माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे, रागावू नका. नातीच्या लॅपटॉपला हार्ड डिस्क आहे. ती सुट्टीत माझ्याकडे येऊन शेती करण्याचा एक गेम खेळते आणि तो उघडायला फार वेळ लागतो. आत एम.२ ची मोकळी खाच दिसली म्हणून एनव्हीएमई ड्राइव्ह आणली. खाचेत छान बसली, स्क्रूही लागला, पण बायोसमध्ये दिसतच नाही. दुकानात परत नेली तर म्हणतात सील फोडलंय, परत घेणार नाही. ड्राइव्ह खराब असेल का?

अनघा_पुणे

काका, ड्राइव्ह बहुधा उत्तम असेल. एम.२ हे खाचेच्या आकाराचं नाव आहे. तिच्यामागे तारा कसल्या जोडल्यात ते त्यावरून कळत नाही. हार्ड डिस्कच्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपच्या खाचेला फक्त साटाच्याच तारा आहेत. तिथे एम.२ आकाराची साटा एसएसडी चालते, एनव्हीएमई बसली तरी दिसत नाही. ड्राइव्हच्या सोनेरी पट्टीला दोन कापे असले तर ती बहुतेक साटा, एकच असला तर बहुतेक एनव्हीएमई. पण यालाही अपवाद आहेत, म्हणून लॅपटॉपचं मॉडेल टाकून उत्पादकाच्या पानावर खाचेची माहिती बघा.

तुमच्यासाठी सोपा उपाय म्हणजे हार्ड डिस्क काढून तिच्याच जागी अडीच इंची साटा एसएसडी लावा. नातीला जो फरक जाणवायला हवा तो त्यातच मिळेल. आणलेली ड्राइव्ह वाया जाऊ देऊ नका, एनव्हीएमईसाठी यूएसबी डबी मिळते, फोटो ठेवायला उपयोगी पडेल.

शिरीषकाका

फार आभारी आहे बाळ. कापे मोजले, एकच आहे.

पिंपळपान

सगळं वाचलं. आता माझी एक शंका. काल सायबरपंक लोड होताना टास्क मॅनेजर उघडा ठेवला होता. प्रोसेसर फक्त १४ टक्के दाखवत होता. प्रोसेसर एवढा रिकामा असेल तर अडतंय ते डिस्कवरच ना?

अनघा_पुणे

इथे बहुतेक सगळे फसतात. तुमच्या ३६०० मध्ये ६ कोअर आणि १२ थ्रेड आहेत. एक थ्रेड पूर्ण क्षमतेने राबत असला तरी एकूण आकड्यात तो शंभराचा बारावा भाग, म्हणजे ८ टक्के दिसतो. त्यामुळे १४ टक्क्यांच्या मागे एक थ्रेड घामाघूम झालेला असू शकतो. आलेखावर उजवी क्लिक करून `Change graph to` मधून `Logical processors` निवडा, मग बारा चौकोन वेगवेगळे दिसतील. त्याच वेळी डिस्कच्या पानावर `Active time` बघा. ते सलग १०० टक्क्यांना टेकलंय आणि वाचनाचा वेग ५०० च्या आसपास आहे, तर साटा खरंच अडवते आहे. ते २०-३० टक्क्यांत खालीवर होतंय आणि एखादा चौकोन भरलेला आहे, तर प्रोसेसर.

जीटीए ऑनलाइनचंच घ्या. वर्षानुवर्षं लोक त्या लोडिंगला कंटाळून एसएसडी बदलत होते. २०२१ च्या फेब्रुवारीत एका प्रोग्रामरने गेम आतून तपासला. सुरुवातीला गेम दुकानातल्या वस्तूंची सुमारे १० एमबीची एक यादी वाचतो, तिच्यात ६३ हजार नोंदी. प्रत्येक नोंद वाचताना उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी पहिल्यापासून मोजली जात होती, आणि वर प्रत्येक वस्तू आधी आली होती का हे बघायला सगळी यादी पुन्हा चाळली जात होती. हे सगळं एकाच थ्रेडवर. त्याने या दोन गोष्टी सुधारल्या तर त्याच्या मशीनवरचा सहा मिनिटांचा वेळ दोन मिनिटांच्या आत आला. रॉकस्टारने त्याला १० हजार डॉलर दिले आणि मार्चमध्ये दुरुस्ती सगळ्यांसाठी आणली. १० एमबी वाचायला साटाला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. तिथे जगातली कुठलीही ड्राइव्ह लावली असती तरी उपयोग नव्हता.

मालवणी_गडी

हे माहीत नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं लोक उगाच खर्च करत होते!

पिंपळपान

आज सुट्टी होती, त्यामुळे मोजूनच काढलं. धाकट्या भावाच्या पीसीतली जेन ३ ची एनव्हीएमई दिवसभरासाठी मागून आणली आणि स्टीममधून गेम तिच्यावर हलवले.

पहिल्या फेरीत मोठा घोळ झाला. साटावर सायबरपंकचं सेव्ह ११ सेकंदांत उघडलं, एनव्हीएमईवर १५! भावाला फोन करून तुझी ड्राइव्ह बिघडलीये असंही सांगून झालं. मग लक्षात आलं की साटावर ते सेव्ह सकाळपासून मी तिसऱ्यांदा उघडत होतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर `Cached` खाली ९ जीबी दिसत होते. विंडोजने एकदा वाचलेल्या फाइली रिकाम्या रॅममध्ये धरून ठेवल्या होत्या, आणि मी डिस्क समजून रॅम मोजत होतो.

मग प्रत्येक वेळी पीसी रिस्टार्ट करून, दोन मिनिटं थांबून, मोबाइलच्या स्टॉपवॉचने तेच सेव्ह तीन-तीनदा मोजलं. मधला आकडा देतो. सायबरपंक साटावर १८ सेकंद, एनव्हीएमईवर १५. बाल्डर्स गेटचं तिसऱ्या अंकातलं सेव्ह २७ आणि २३. जीटीए ऑनलाइनला कधी हा पुढे तर कधी तो, दरवेळी दहा-पंधरा सेकंद इकडेतिकडे होतात, त्यामुळे ड्राइव्हचा फरक शोधणंच अशक्य.

बारा चौकोनही बघितले. बाल्डर्स गेटला सुरुवातीची पाच-सहा सेकंद साटाचा `Active time` खरंच ९०-१०० वर होता, मग तो खाली बसला आणि एक चौकोन शेवटपर्यंत भरलेला राहिला.

अनघा_पुणे

फार छान मोजलंत. रॅमचा तो घोळ आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकाकडून एकदा होतो. आणि पहिल्या पाच-सहा सेकंदांचं निरीक्षण सगळ्यात मोलाचं आहे. तेवढाच काय तो तुमच्या साटाचा दोष. एनव्हीएमईने तो जवळजवळ पुसून टाकला म्हणून चार सेकंद वाचले. तुमचा प्रोसेसर याहून वेगवान असता तर मागचा भाग आटला असता आणि ड्राइव्हचा फरक जास्त उठून दिसला असता. म्हणून नव्या पीसीवाल्यांचे आकडे तुमच्याशी जुळले नाहीत तर त्यांना खोटं ठरवू नका.

मालवणी_गडी

म्हणजे प्रोसेसर बदलला की एनव्हीएमईचं महत्त्व वाढणार. मी हेच सांगत होतो.

अनघा_पुणे

त्या अर्थाने हो. किती वाढेल आणि कोणत्या गेममध्ये, यावर आपलं एकमत व्हायचं नाही. आजही बाल्डर्स गेट ३ किंवा २०२३ नंतरचा सायबरपंक अटींमध्ये एसएसडी म्हणतात, एनव्हीएमई म्हणत नाहीत. हे कधी बदलेल ते मी सांगू शकत नाही.

रानवारा

मग शेवटी पिंपळपानने घ्यायचं काय? जेन ४?

अनघा_पुणे

३६०० आणि बी४५० या जोडीत पीसीआयई ३, म्हणजे जेन ३ च आहे. जेन ४ ची ड्राइव्ह लावली तर ती चालेल, पण ३५०० च्या आसपासच पळेल. ७००० साठी जादा पैसे मोजू नका. जेन ३ आणि साटा यांच्या किमतीत थोडाच फरक असेल तर जेन ३ घ्या, केबलचा पसाराही वाचतो. फरक मोठा असेल आणि त्या पैशात साटाची दुप्पट जागा मिळत असेल, तर तुमची खरी अडचण जागेची आहे हे विसरू नका. गेम उडवून पुन्हा डाउनलोड करण्यात जाणारे तास कुठलीही एनव्हीएमई भरून देणार नाही.

विकत घेण्याआधी मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये एम.२ चं पान जरूर वाचा. काही बोर्डांवर एखादी एम.२ खाच वापरली की दोन साटा पोर्ट बंद होतात. लोक ड्राइव्ह लावतात आणि जुनी डिस्क गायब झाली म्हणून घाबरतात. केबल दुसऱ्या पोर्टात लावली की ती परत येते.

पिंपळपान

मॅन्युअल काढलं. माझ्या बोर्डावर दोन खाचा आहेत. वरची थेट प्रोसेसरला जोडलेली, खालची वापरली की साटा ५ आणि ६ बंद. माझी डिस्क ५ वरच आहे! वरचीच खाच वापरेन.

परवा फोनवर विचारलं तर जेन ३ आणि साटा यांत आता थोडाच फरक उरलाय, म्हणून जेन ३ ची १ टीबी सांगून ठेवली आहे. जुनी साटाही ठेवतोय, जीटीए तिच्यावरच राहील. लावल्यावर ती नीट लिंकवर आली का हे कसं बघायचं?

अनघा_पुणे

पॉवरशेलमध्ये हे चालवा:

```
Get-PhysicalDisk | Select FriendlyName, BusType
```

नव्या ड्राइव्हपुढे `NVMe` आणि जुनीपुढे `SATA` दिसायला हवं. मग `CrystalDiskInfo` उघडून `Transfer Mode` बघा. तिथे `PCIe 3.0 x4` आलं की झालं. `x2` आलं तर ड्राइव्ह खालच्या खाचेत गेली आहे का ते आधी तपासा.

शिरीषकाका

अडीच इंची साटा बसवली. लॅपटॉप ओळखीचाच वाटत नाही. नात शनिवारी येतेय, तिच्यासमोरच गेम उघडणार आहे. ती जुनी हार्ड डिस्कही अशाच यूएसबी डबीत बसते का?

कोकणकडा

बसते काका, पण अडीच इंची साटाची डबी मागा, एनव्हीएमईची नाही. दोन्ही वेगळ्या येतात.